पत्त्यांचा बंगला तिसऱ्या मजल्यालाच का बसतो आणि त्यावर काय करायचं

दर मे महिन्यात आमच्याकडे हेच होतं. भाची येते, दुपारी मेंढीकोट आणि बदाम सात खेळून कंटाळा आला की त्याच कॅटचा बंगला करायला घेते, पहिला मजला मस्त होतो, दुसरा श्वास रोखून होतो, आणि तिसऱ्यासाठी पत्ते हातात घेतले की खालचा कडेचा एक पत्ता सर्रकन बाहेर आणि सगळं आडवं. मग "मामा फॅन बंद कर ना", फॅन बंद, घामाच्या धारा, परत तिसऱ्याला बसला. मग माझ्यावर हात थरथरतात म्हणून आरोप. तीन वर्षं हे बघितलं आणि शेवटी एकदा नीट मागे लागलो, तर कळलं की ना फॅन ना हात, बहुतेक वेळा भानगड खाली पायातच असते.

आधी एक काम करा. बंगला पडताना मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, कारण डोळ्याला "पडला" एवढंच दिसतं पण पडण्याचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पहिल्यांदा तळाचा पाय बाहेर सरकला आणि मग वरचं खाली आलं, तर घर्षण कमी पडतंय. दोन पत्ते वर जिथे टेकतात तिथे पिळवटून एकमेकांवरून घसरले, तर पत्ते वाकडे आहेत. आडवा पत्ता मधेच झोका घेतल्यासारखा वाकला, तर वरचे पाय चुकीच्या जागी ठेवलेत. आणि सगळा बंगला आख्खाच्या आख्खा हळूच पुढे किंवा मागे कलंडला, तर पाया अरुंद आहे किंवा खालची जागा लेव्हलला नाही. आमच्याकडे दहापैकी सात-आठ वेळा पहिला प्रकार होता, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पाय का सरकतो

दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले की तंबू होतो. प्रत्येक पत्त्याला खरं तर आडवं पडायचं असतं, पण समोरचा त्याला वर अडवतो, म्हणून मग तो खालून पाय पसरायला बघतो, शिडी भिंतीला टेकवल्यावर खाली सरकते ना अगदी तसं. त्याला धरून ठेवणारं फक्त एकच, पत्त्याची कड आणि टेबल यांच्यातलं घर्षण. पाय एकमेकांपासून जेवढे लांब तेवढा बाहेरचा रेटा जास्त, इथपर्यंत सगळ्यांना अंदाज असतो.

ज्याचा अंदाज नसतो ते हे, की नुसता तंबू उभा राहिला म्हणजे वजन टाकल्यावरही राहील असं नाही. पत्त्याचं स्वतःचं वजन त्याच्या मध्यावर असतं, त्यामुळे रिकाम्या तंबूत त्याचा रेटा निम्माच लागतो. पण वरच्या मजल्याचं वजन येतं ते थेट टोकावर, तिथे त्याचा रेटा पूर्ण लागतो. म्हणजे वजन वाढलं की टेबलावरची पकड वाढते हे खरं, पण बाहेरचा रेटा त्याहून जास्त दराने वाढतो. म्हणून पहिला मजला आपल्याला फसवतो, तो आरामात उभा असतो आणि आपण खूश.

आकड्यात सांगतो, थोडंच आहे. तंबूच्या दोन पायांमधलं अर्धं अंतर भागिले तंबूची उंची, याला उतार म्हणू. साधा पत्ता जवळपास 8.9 सेंटीमीटर लांब असतो, म्हणजे पायांत 6 सेंटीमीटर अंतर ठेवलं तर उंची साधारण 8.4 येते आणि उतार 0.36. रिकाम्या तंबूला सरकू नये म्हणून घर्षणाचा आकडा या उताराच्या निम्मा, म्हणजे 0.18 पुरतो. वर एक मजला आला की कडेच्या तंबूला साधारण 0.255 लागतो. दोन मजले आले की 0.27. आता तुमच्या टेबलाचा आकडा 0.26 असेल तर काय होणार बघा, पहिला मजला ऐटीत, दुसरा जेमतेम केसाच्या अंतराने, आणि तिसऱ्याला सर्रकन. आमच्या भाचीचा तिसरा मजला तो हाच.

यात एक गंमत सापडली. मधल्या तंबूंवर खूप वजन येतं पण त्यांचे पाय शेजारच्या तंबूच्या पायांना टेकलेले असतात त्यामुळे ते एकमेकांना बरंचसं अडवून धरतात. कडेच्या तंबूला बाहेरच्या बाजूने कोणी नाही. पण कडेच्या तंबूवर वजनही कमी येतं, वजन दोन्ही पायांवर सारखं वाटलं जातं असं धरलं तर दोन मजल्यांच्या बंगल्यात दीड पत्त्याचं, तीन मजल्यांत सव्वादोन पत्त्यांचं, चारात अडीचहून थोडं जास्त, आणि कितीही मजले चढवा ते तीन पत्त्यांच्या वर जातच नाही. म्हणजे कडेच्या पायाला लागणारा आकडा उताराच्या 0.8 पट, यापुढे वाढत नाही. म्हणून जो पाय चौथ्या मजल्यापर्यंत सरकला नाही तो सातव्यालाही सहसा सरकणार नाही, तिथून पुढे बंगला दुसऱ्या कारणाने पडतो.

टेबलाचा आकडा घरच्या घरी

यासाठी काही आणायला नको, तंबूच मीटर आहे. ज्या जागेवर बंगला करायचाय तिथे दोन पत्त्यांचा एक तंबू उभा करा, शेजारी पट्टी ठेवा, आणि पाय एकेक करून अगदी हळू बाहेर ढकलत जा. एका अंतराला तो आपणहून बसतो. चार-पाचदा करा, एकदा केलेलं धरू नका, आणि ते अंतर लिहून ठेवा. बंगल्यासाठी पायांतलं अंतर त्याच्या साठ टक्के ठेवायचं. गणिताने थोडं जास्तही चालतं पण आपले हात म्हणजे काही मशीन नाही.

आमचं उदाहरण. हॉलमधल्या सनमायका लावलेल्या टेबलावर तंबू 8.3 सेंटीमीटरला बसला, म्हणजे घर्षण 0.26 च्या आसपास, म्हणजे बंगल्याला सुरक्षित अंतर 5 सेंटीमीटर. भाची ठेवत होती 6, कारण पत्त्याची रुंदी साधारण तेवढीच असते आणि डोळ्याला ते छान दिसतं. मी पुठ्ठ्याची 5 सेंटीमीटरची पट्टी कापून दिली, प्रत्येक तंबूच्या पायांमध्ये ती आडवी बसली पाहिजे एवढाच नियम. त्याच टेबलावर, त्याच कॅटने, तळाचे पाय सरकायचे थांबले. तिसरा मजला झाला, चौथाही झाला. फॅन बंदच होता, ते खोटं कशाला सांगू.

पण पायांतलं अंतर फार कमी करू नका. 3-4 सेंटीमीटरवर तंबू जवळजवळ उभा होतो, तो सरकत नाही पण जरा धक्का लागला की एका बाजूला लोळतो, आणि तेवढ्याच रुंदीच्या ओळीत तंबूही जास्त लागतात. सरकणं आणि लोळणं यांच्या मधली जागा पकडायची आहे.

कुठे बांधताय

सगळ्यात मोठी चूक सांगतो कारण ती मी स्वतः केली. एकदम सपाट, लेव्हलची, बाजूला कडा असलेली जागा घरात कुठली, तर कॅरम बोर्ड. दिसायला आदर्श. पण त्यावर वर्षानुवर्षं बोरिक पावडर टाकून सोंगट्या घसरण्यासाठीच तो तयार केलेला असतो, ओल्या फडक्याने पुसला तरी पॉलिशचा गुळगुळीतपणा कुठे जाणार. तिथे तंबू रिकामाच नीट उभा राहीना. तेव्हा मी अजून हुशारी केली, पत्ते चिकट झालेत असं वाटून त्यांना पावडर चोळली. पावडर पत्ते सुळसुळीत करते, जादूवाले पत्ते पंख्यासारखे उलगडायला तेच करतात. तो कॅट बंगल्यासाठी कायमचा बाद झाला, रमीला मात्र अजून भारी चालतो.

कॅरम बोर्ड उलटा करून मागच्या बाजूला बांधलं तर मात्र बरं चालतं, तिथे नुसतं प्लायवूड असतं, फक्त मधल्या पट्ट्यांवर जागा पुरत नाही. त्यापेक्षा हार्डबोर्डचा तुकडा घ्या, त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीला जाळीसारखी नक्षी असते, ती खरखरीत बाजू वर. किंवा मोठ्या खोक्याचा पुठ्ठा, पण घडी न पडलेला. जुन्या घरातली पॉलिश न केलेली शहाबादी फरशी एक नंबर, गावच्या घरी आम्ही तिच्यावरच बांधायचो आणि तेव्हा हे प्रश्न पडलेच नव्हते, व्हिट्रिफाइड टाईल आल्यापासून पडायला लागले. चादर, टॉवेल, गादी यावर घर्षण भरपूर मिळतं पण ते खाली दबतं, एका मजल्यापुरतं ठीक, पुढे प्रत्येक पत्ता ठेवला की अख्खा बंगला हलतो. टेबलक्लॉथ प्लास्टिकचा असेल तर काढून ठेवा, त्याच्याखाली हवा राहते.

कुठला कॅट

टेबल सुधारलं म्हणजे फक्त तळमजला सुधारला. दुसऱ्या मजल्यापासून पाय उभे राहतात ते आडव्या पत्त्यावर, म्हणजे तिथे पत्त्यावर पत्ता. हीच तंबू टेस्ट टेबलावर आडवा पत्ता चिकटपट्टीने लावून त्याच्यावर करा, टेस्टपुरतीच चिकटपट्टी, बंगल्यात चीटिंग नको. आमच्याकडे नवाकोरा चकचकीत कॅट 5.8 सेंटीमीटरला बसला, आणि कपाटातला जुना, मळका नाही पण हाताळून चमक गेलेला साधा कागदी कॅट 10 सेंटीमीटरच्या पुढे गेला. साठ टक्क्यांच्या हिशेबाने नव्याला साडेतीन सेंटीमीटरचे तंबू लागणार, म्हणजे लोळणारेच, आणि जुन्याला 6 सुद्धा चालणार. एवढा फरक नुसत्या फिनिशचा.

कारण सरळ आहे, चांगले महागडे पत्ते हे घसरण्यासाठीच बनवतात. पिसताना एकावरून एक सुळकन जायला हवेत म्हणून वरून कोटिंग असतं आणि बऱ्याच कॅटवर बारीक बारीक खळगे उठवलेले असतात, नखाने घासलं की कापडासारखं लागतं. त्या खळग्यांमुळे पत्ते एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत, मधे हवा राहते. लोकांना वाटतं की खरखरीत लागतं म्हणजे पकड जास्त, तर उलट आहे, ते घसरावेत म्हणूनच खरखरीत केलेले आहेत. आणि शंभर टक्के प्लास्टिकचे धुता येणारे पत्ते तर विसराच, ते घसरतातही आणि वाकवून सोडले की स्प्रिंगसारखे उसळतातही.

मग स्टेशनबाहेर मिळतो तो स्वस्तातला, कोटिंग जेमतेम असलेला कागदी कॅट बंगल्याला उत्तम. तो दोन-तीन आठवडे खेळायला वापरा आणि मग बांधा. पण फार जुना नको. कोपरे फुटून मऊ झाले की पाय टेकतो तिथे कड सरळ राहत नाही, एकाच बिंदूवर टेकते आणि पत्ता गोल फिरतो. चहा सांडलेला, हाताला तेलकट लागणारा पत्ता बाजूला काढायचा. चिवड्याच्या हाताने पत्ते लावले तर बंगला पडतो हे आमच्याकडे आता लिखित नियमासारखं आहे.

आता वाकडेपणा. कॅट टेबलावर ठेवून बाजूने डोळा लावून बघा, पत्ते होडीसारखे वाकलेत का. कागद एका बाजूने जास्त ओल धरतो आणि वाकतो, आपल्याकडे जून ते सप्टेंबर तर हमखास. वाकलेले दोन पत्ते वर टेकवले की कडेने कड लागत नाही, फक्त मधे किंवा फक्त कोपऱ्यात लागते, आणि वजन आलं की तिथेच पिळवटतं. उपाय म्हणजे रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवणे, आणि बांधताना प्रत्येक तंबूत दोन्ही पत्त्यांचा फुगवटा बाहेर येईल असे ठेवणे, म्हणजे निदान दोघं सारखे वाकतात.

अजून एक, आडव्या पत्त्याचा झोका. वरच्या तंबूचे पाय खालच्या तंबूंच्या टोकांवर बरोबर आले पाहिजेत. आत आले की ते आडव्या पत्त्याच्या अधांतरी भागावर उभे राहतात आणि तो वाकतो, वाकला की उतार झाला, उतार झाला की पाय घसरला. म्हणून सगळ्या मजल्यांना तीच पुठ्ठ्याची पट्टी, वरती "साधारण" ठेवायचं नाही.

मग उंच जाण्यासाठी तंबू सोडा

एवढं सगळं करून आमचा तंबूंचा बंगला पाच मजल्यांवर गेला. पाच मजल्यांना 40 पत्ते लागतात, सहाला 57, म्हणजे एका 52 पानी कॅटमध्ये पाचच होतात, जोकर घालूनही सहा होत नाहीत. उंची भरली साधारण 42 सेंटीमीटर. आणि तिथे कळलं की हा प्रकार मुळातच उंच जाण्यासाठी नाही. एक तर प्रत्येक वरच्या मजल्यासाठी खाली अख्खी ओळ वाढवावी लागते. दुसरं म्हणजे तो समोरून पिरॅमिडसारखा रुंद दिसतो पण बाजूने बघा, जाडी फक्त एका पत्त्याच्या रुंदीची, 6 सेंटीमीटरच्या आसपास. ती भिंत आहे, आणि पुढे-मागे कलंडायला तिला कोणीच अडवत नाही. दोन कॅटमध्ये हिशेबाने आठ मजले बसतात, 100 पत्ते, पण 68 सेंटीमीटर उंच आणि 6 सेंटीमीटर जाड अशी भिंत उभी राहिलेली मी तरी केलेली नाही. सहावा झाला होता एकदा, फोटो काढायच्या आत गेला.

उंच मनोरे करणारे लोक तंबू करतच नाहीत, ते खोल्या करतात. अमेरिकेतल्या आयोवाचा ब्रायन बर्ग, शिक्षणाने आर्किटेक्ट, 1992 मध्ये सतरा वर्षांचा असताना त्याने साडेचौदा फुटी मनोरा करून विक्रम केला आणि 2007 मध्ये डॅलसला 7.86 मीटरचा, म्हणजे दोन मजली घराएवढा, चिकटवणं नाही की घडी घालणं नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या अर्णव डागाने पंधराव्या वर्षी, 2023 मध्ये, तिथल्या चार प्रसिद्ध इमारती एकत्र उभ्या केल्या, साधारण 1 लाख 43 हजार पत्ते आणि 41 दिवस, लांबी बारा मीटरच्या वर. असल्या कामात तंबू चालणारच नाही.

खोली कशी करायची. पत्ता लांब कडेवर उभा करा, म्हणजे उंची 6.3 सेंटीमीटर. एकटा उभा राहणार नाही, म्हणून दुसरा पत्ता तसाच उभा धरून त्याचं टोक पहिल्याच्या अंगाला काटकोनात टेकवा, इंग्रजी टी सारखं. दोन्ही एकमेकांना धरतात. तिसऱ्याचं टोक दुसऱ्याच्या अंगाला, चौथ्याचं तिसऱ्याच्या अंगाला, आणि पहिल्याचं टोक फिरून चौथ्याच्या अंगाला. वरून बघितलं तर भिरभिऱ्यासारखं दिसतं, मधे चौकोनी खोली आणि प्रत्येक भिंतीचं एक टोक बाहेर आलेलं. मधला चौकोन साधारण 6 सेंटीमीटरचा ठेवा. कोपऱ्याला कोपरा जुळवून खोक्यासारखं करायला जाऊ नका, कोपरा कोपऱ्याला धरत नाही, टोकाने अंगाला टेकायचं.

यावर दोन पत्ते शेजारी शेजारी आडवे ठेवले की स्लॅब झाला. आणि इथे तंबूच्या बरोबर उलटं घडतं. भिंत सरळ उभी आहे, वजन तिच्या आतून सरळ खाली जातं, बाहेर रेटा असा जवळजवळ नाहीच. त्यामुळे वर जितकं वजन ठेवाल तितकी भिंत खाली घट्ट दाबली जाते आणि सरकायला अजूनच तयार नसते. रिकामी खोली फुंकरीने पडेल, पण वर चार मजले आले की तीच खोली बोटाने हलकंसं ढकलली तरी हलत नाही, करून बघा, बघितल्याशिवाय पटत नाही. घर्षण इथेही लागतं, पण फक्त भिंत कलू नये एवढ्यासाठी, आणि काटकोनातल्या शेजारणी तिला धरून असतात. म्हणून नवा चकचकीत कॅटसुद्धा खोल्यांना चालवून घेता येतो, पहिल्या मजल्याला त्रास देतो, नंतर सुधारतो.

एका खोलीला चार भिंती आणि दोन स्लॅबचे पत्ते, एकूण सहा. 52 मध्ये असे आठ मजले होतात आणि चार पत्ते उरतात त्याच्या नवव्या मजल्याच्या भिंती, एकही पत्ता वाया नाही. उंची साधारण 57 सेंटीमीटर, म्हणजे त्याच एका कॅटमध्ये तंबूंपेक्षा वीतभर… नाही, अर्ध्या वीतेपेक्षा थोडं जास्त उंच. स्लॅबचे पत्ते एका मजल्याला उभे तर पुढच्याला आडवे असे आलटून पालटून ठेवा, आणि वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर यायला हवी.

पण एका खोलीचा मनोरा म्हणजे काठी. स्लॅबची अरुंद बाजू जेमतेम 9 सेंटीमीटर. तेवढ्या पायात एका बाजूला 1 मिलिमीटर खाली-वर असेल, एखादा चिवड्याचा दाणा म्हणा किंवा फरशीचा सांधा म्हणा, तर 57 सेंटीमीटरवर डोकं सहा मिलिमीटर सरकतं, आणि प्रत्येक मजला लावताना हाताची चूक त्यात वाढतच जाते. तोच पाया 18 सेंटीमीटरचा केला तर तेवढ्याच 1 मिलिमीटरने डोकं तीनच मिलिमीटर सरकतं. रुंद पायाचा खरा फायदा हा.

म्हणून दोन कॅट घेऊन आम्ही शेवटी असं केलं. तळाला दोन मजले, दोन बाय दोन खोल्यांचे, त्याला प्रत्येकी 12 भिंती आणि स्लॅबचे 12 पत्ते, दोन थरांत आडवे-उभे, कारण मोठ्या स्लॅबला एक थर पुरत नाही, मधल्या फटीत वरची भिंत जाते. हे झाले 48. त्यावर मधोमध दोन मजले दोन-दोन खोल्यांचे, प्रत्येकी 7 भिंती, कारण मधली भिंत दोघींची सामाईक, आणि 4 पत्त्यांचा स्लॅब, म्हणजे 22. मग एकेक खोलीचे सहा मजले, शेवटच्याला स्लॅब नाही, 34. एकूण बरोबर 104, दहा मजले, 64 सेंटीमीटर. कागदावर तंबूंचे आठ मजले याहून चार सेंटीमीटर उंच भरतात हे मान्य, पण हा उभा राहिला आणि तो राहिला नाही. अजून कॅट असतील तर तळाचं जाळं वाढवत न्या, वर मजले तसेच चढवा, तिथून पुढे तंबू हिशेबातसुद्धा मागे पडतात.

वरच्या दोन-तीन मजल्यांना पत्ते आखूड कडेवर उभे लावले तर प्रत्येकी अडीच सेंटीमीटर फुकट मिळतात असा मोह होतो. सगळ्यात वरच्या एका मजल्याला करा. खाली केलं तर भिंत उंच आणि अरुंद होते, वाकलेला पत्ता असेल तर वजनाखाली मधेच पोट काढतो.

खोल्यांमध्ये बिघाड कसा ओळखायचा, तर स्लॅब टाकण्याआधी वरून बघा. भिरभिऱ्याचे चारही सांधे लागलेले दिसले पाहिजेत, एकातून उजेड दिसला तर ती भिंत कोणाला धरून नाही, स्लॅब पडला की तीच पहिली कलते. आणि स्लॅबचा पत्ता वरून टाकू नका, एक कड टेकवून दुसरी हळू सोडा, मधली हवा निघायला वेळ मिळतो, नाहीतर तीच हवा खालच्या भिंतींना फुंकर मारते. आमचे निम्मे मनोरे फॅनने नाही, आमच्याच स्लॅबने पाडले असणार.

पावसाळ्यात हाच कॅट परत वापरायचा असेल तर बांधून झाल्यावर लगेच खोक्यात भरा, खोकं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी, आणि पत्त्यांवर काहीतरी जड. मागच्या वर्षी मी तो तसाच टीव्हीच्या टेबलावर ठेवला, गणपतीत भाची आली तेव्हा बावन्नच्या बावन्न होड्या झाल्या होत्या.